गिरणगाव तेच, मग १९६० ला जमलं ते १९८२ ला का फसलं?

प्रश्न: एम.ए. समाजशास्त्राला आहे, सामाजिक चळवळींचा पेपर आहे. संसाधन एकत्रीकरण आणि राजकीय संधी संरचना या दोन्हींच्या व्याख्या पाठ आहेत. पण खऱ्या चळवळीला लावायला गेलो की सगळं ‘माणसं होती, पैसा होता, संधी होती म्हणून जिंकले’ इतक्यावर येऊन थांबतं. हे निकाल लागल्यावरचं शहाणपण नाही का? आपल्याकडचं उदाहरण घेऊन कुणी नीट सांगेल का?

उत्तर:

शंका रास्त आहे. बरेचसे प्रबंधही तिथेच अडकतात. मी गेली पंचवीस वर्षं कामगार कार्यकर्त्यांचे अभ्यासवर्ग घेते. तिथे व्याख्या सांगत बसलं तर पहिल्या चहालाच अर्धा वर्ग उठून जातो. म्हणून मी एकाच वस्तीतल्या दोन लढ्यांची जोडी समोर ठेवते: एक जिंकलेला, एक हरलेला. वस्ती म्हणजे लालबाग, परळ, डिलाईल रोडचा गिरणगाव. पहिला लढा १९५५ ते १९६० चा संयुक्त महाराष्ट्राचा. दुसरा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप. माणसं त्याच घरांतली, चाळी त्याच, गावाकडचे धागेही तेच. एकाचा शेवट १ मे १९६० ला राज्य मिळण्यात झाला. दुसऱ्याचा शेवटच झाला नाही, कारण तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि लाखाहून जास्त माणसांची नोकरी गेली.

राग दोन्ही वेळी होता. साधनजुळवणीच्या सिद्धांताची सुरुवात नेमकी इथून होते. (अभ्यासक्रमातला ‘संसाधन एकत्रीकरण’ हा शब्द जिभेवर बसत नाही, म्हणून मी साधनजुळवणी म्हणते. परीक्षेत मात्र तुमचाच शब्द लिहा.) १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅकार्थी आणि झाल्ड यांनी मांडलं ते थोडक्यात असं: गाऱ्हाणी समाजात बारमाही असतात, त्यामुळे चळवळ आत्ताच का उठली हे गाऱ्हाण्यांवरून कळत नाही. ते कळायचं तर वेळ, पैसा, माणसं, जागा, ओळखी, छपाई ही साधनं कोण आणि कशी गोळा करतं ते पाहावं लागतं. त्यांच्या डोळ्यांसमोर त्या काळची अमेरिका होती. देणग्यांवर चालणाऱ्या संघटना, पगारी कार्यकर्ते, आणि स्वतःला काही मिळणार नसताना केवळ पटलं म्हणून पैसे देणारे मध्यमवर्गीय हितचिंतक. ते चित्र जसंच्या तसं गिरणगावावर ठेवाल तर काहीच दिसणार नाही. इथली साधनं कुठल्याच संघटनेच्या जमाखर्चात सापडत नाहीत.

ती कुठे होती ते सांगते. एका गावची पुरुषमंडळी मुंबईत एकत्र भाड्याने घेत ती गावकीची खोली. तीन पाळ्यांत काम चालायचं, म्हणून एकाच खोलीत माणसं आळीपाळीने झोपत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब पगाराला. त्याच्या जोडीला भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपती, भिशी, गावकरी मंडळाची पेटी. संप झाला की याच गोष्टींचं काम बदलायचं. खोलीत बैठक व्हायची, खानावळ उधारीवर चालायची, आणि मंडळाच्या पेटीतून कुणाच्या तरी गाडीभाड्याची सोय व्हायची.

चळवळींच्या अभ्यासात एक जुनं कोडं आहे. फायदा सगळ्यांना मिळणार असेल तर एखाद्याने आपला पगार का बुडवायचा? इतरांनी लढावं, आपण घरी बसून फळ खावं, हेच शहाणपणाचं नाही का? गिरणगावात हे कोडं चाळीच्या रचनेनेच सोडवलेलं होतं. सकाळी कोण डबा घेऊन जिना उतरला हे अख्खा मजला बघायचा. तो चुकून कामावर गेलाच तर बातमी त्याच्या आधी गावी पोचायची, आणि शिमग्याला गेल्यावर जाब द्यावा लागायचा. संघटनेला पहारा ठेवण्यावर पैसा खर्च करावा लागत नव्हता. पुस्तकात ‘सामाजिक जाळी’ असा गुळमुळीत शब्द येतो, त्याच्या पोटात एवढं सगळं असतं.

आता १९५५ मधली साधनं मोजू. राज्य पुनर्रचना आयोगाने मुंबईसह मराठी राज्य नाकारलं आणि मराठी-गुजराती एकत्र ठेवणाऱ्या द्वैभाषिक राज्याची शिफारस केली. गिरणगाव त्याआधीच तयार होता. कम्युनिस्टांच्या संघटना तिथे १९२८ च्या मोठ्या संपापासून रुजलेल्या होत्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांची शाहिरी होती, म्हणजे तिकिटाशिवाय आणि छापखान्याशिवाय बातमी व मत पोचवणारी यंत्रणा होती. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तिच्यात प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आपापली माणसं घेऊन उतरले. प्रत्येकाचा इलाखा वेगळा होता. शेकापकडे ग्रामीण पश्चिम महाराष्ट्र, फेडरेशनकडे दलित वस्त्या, कम्युनिस्टांकडे गिरण्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला, आणि समितीला रोज सकाळी चाळीत वाचून दाखवता येईल असं पत्र मिळालं.

पैसा मात्र समितीकडे नव्हता, तो समोरच्या बाजूला होता. मुंबई वेगळी ठेवावी म्हणून उद्योगपती आणि व्यापारी मंडळींनी मुंबई नागरिक समिती काढली होती. तिने आयोगापुढे व्यवस्थित निवेदन मांडलं होतं आणि दिल्लीत तिची ऊठबस होती. साधनं म्हणजे पैसा, असं मानणाऱ्याने तेव्हा पैज लावली असती तर तो हरला असता. म्हणून माझ्या वर्गात मी यादी करायला लावत नाही. एकच प्रश्न विचारते: हे साधन समोरच्या माणसाच्या कुठल्या दुखऱ्या जागी लागतं? या प्रश्नाचं उत्तर साधनांच्या यादीत नसतं, त्यासाठी दुसरा सिद्धांत लागतो.

राजकीय संधीरचना म्हणजे सत्तेची त्या वेळची ठेवण. मागणी आत शिरायला दारं किती आहेत, सत्ताधाऱ्यांत फूट आहे का, वजनदार मित्र मिळतात का, निष्ठा हलत्या आहेत की घट्ट, आणि दडपशाही करायची सरकारची ताकद व इच्छा किती, एवढं त्यात पाहतात. आयसिंगर यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ४३ शहरांचा अभ्यास करून दाखवलं की निदर्शनं सगळ्यात जास्त ना पूर्ण खुल्या शहरांत होतात, ना पूर्ण बंद शहरांत. ती होतात अर्धवट उघड्या ठिकाणी. अगदी खुल्या ठिकाणी रस्त्यावर यायची गरज पडत नाही आणि अगदी बंद ठिकाणी हिंमत होत नाही. पण यातून चळवळ कधी *उठते* ते कळतं. ती कधी *जिंकते* हा वेगळा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की तुम्ही म्हणता ते ‘निकालानंतरचं शहाणपण’ सुरू होतं.

१९५५ ते १९६० ची ठेवण क्रमाने पाहा. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळीबार झाले. शंभरावर माणसं गेली. म्हणजे दडपशाही भरपूर होती. साध्या हिशेबाने संधी बंद दिसते. पण त्या गोळीबारांनी काँग्रेसमधल्याच मराठी माणसांची पंचाईत केली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई, मेलेले मराठी कामगार, आणि मत मागायला त्याच गावांत जायचं कुणी, तर मराठी काँग्रेसवाल्यांनी. केंद्रातले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये याच प्रश्नावर राजीनामा दिला. सत्ताधाऱ्यांतली फूट ती हीच, आणि ती त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात वाचता येत होती. निकालाची वाट बघावी लागत नव्हती.

त्यानंतर आली निवडणूक. माझ्या मते सगळी गोष्ट कॅलेंडरवर फिरते. १ नोव्हेंबर १९५६ ला विशाल द्वैभाषिक आलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि चारच महिन्यांत १९५७ ची निवडणूक होती. रस्त्यावरचा राग थंड व्हायच्या आत मतपेटी समोर आली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. खुद्द चव्हाण कराडमधून निसटते निवडून आले. मुंबई राज्याच्या ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसला मिळाल्या, बहुमत राहिलं, पण ते गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जोरावर. चव्हाणांचं सरकार अशा बहुमतावर उभं होतं ज्यात त्यांचा स्वतःचा मुलूखच त्यांच्याबरोबर नव्हता. पुढे मुंबई महापालिकाही समितीकडे गेली. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला प्रतापगडावर गेले, तेव्हा समितीने काळ्या निशाणांचं प्रचंड निदर्शन केलं. दिल्लीला जे अहवालांतून सांगितलं जात होतं ते पंतप्रधानांनी वाटेवर स्वतः पाहिलं.

त्यात गुजरातची भर पडली. तिथे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषदही द्वैभाषिक मोडायलाच उभी होती. दोन चळवळी, एकमेकांशी मुंबईवरून भांडणाऱ्या, पण एकाच भिंतीला दोन्हीकडून धक्का देणाऱ्या. म्हणजे काँग्रेसचं बहुमत ज्या भागांवर टेकलेलं होतं त्यातला एक भागही डळमळत होता. १९६२ ची निवडणूक जवळ येऊ लागली. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या इंदिरा गांधी विभाजनाच्या बाजूने होत्या. काँग्रेसला मागणी मान्य करून फारसं गमवायचं नव्हतं, उलट ती मान्य केली की समितीला जोडणारा दोराच तुटणार होता. झालंही तसंच. १९६२ ला काँग्रेसने महाराष्ट्रात २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. मागणी मान्य करणं देणाऱ्याच्या फायद्याचं ठरावं, याहून उघडं दार दुसरं नसतं.

आता १९८२. साधनांच्या बाजूने पाहिलं तर हा संप १९५६ पेक्षा दुबळा मुळीच नव्हता. अडीच लाखांच्या आसपास कामगार, साठएक गिरण्या, आणि सुरुवातीला बंद जवळजवळ शंभर टक्के. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या इतर कारखान्यांतल्या संघटनांनी आपल्या पगारातून मदत दिली. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातून धान्य आलं. बदली कामगार, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच ज्याला काम मिळतं तो माणूस, एरवी संप फोडायला सगळ्यात सोपा. तोही आत गेला नाही. साधनजुळवणीच्या पाठ्यपुस्तकात हा संप आदर्श म्हणून घालता आला असता.

यातलं एक साधन मात्र दुधारी होतं, आणि ते प्रबंधांत सहसा निसटतं. गाव. मुंबईत पगार नाही, मग गावी जाऊन दोन घास खाऊ, पेरणीला हात लावू, म्हणून हजारो कामगार गावी गेले. त्यामुळे संप टिकला. पण त्यामुळेच गिरणगाव रिकामा झाला. गेटवर उभं राहायला, मोर्चात चालायला, आत जाणाऱ्या पहिल्या वीस जणांना अडवायला माणूस कमी पडू लागला. चाळीतली ती ‘कोण जिना उतरला’ची नजरही पातळ झाली. १९५६ मध्ये गावाने चळवळीला मतं दिली, १९८२ मध्ये गावाने संपकऱ्याला पोटाला दिलं. धागा तोच, पण एकदा तो दबाव झाला आणि एकदा नुसती सोशिकता.

सोशिकता केव्हा उपयोगी पडते? समोरच्याला वाट बघणं परवडत नसेल तेव्हा. इथे मालकांना वाट बघणं परवडत होतं. कापडाला उठाव कमी होता, माल पडून होता. यंत्रमागाचं कापड स्वस्त पडत होतं आणि काम भिवंडीसारख्या ठिकाणी बाहेरून करून घेता येत होतं. ज्यांच्या गिरण्या तोट्यात होत्या त्यांना तर बंद गिरणी म्हणजे पगाराचा वाचलेला खर्च. सगळे मालक असे नव्हते. काही गिरण्या नफ्यात होत्या आणि त्यांना तडजोड हवी असणं शक्य होतं. फूट पडली असती तर तिथे. पण मालक संघ म्हणून एकत्र बोलत होते, आणि वेगळ्या तडजोडीची वाट कायद्याने जवळपास बुजवलेली होती.

तो कायदा म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, बोलताना ‘बी.आय.आर.’. या कायद्याने त्या त्या भागातल्या उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मानलं जातं. गिरण्यांत ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, काँग्रेसशी जोडलेल्या इंटकची. वाटाघाटी तिच्याशीच. अडीच लाख माणसं बाहेर बसली तरी कायद्याच्या नजरेत त्यांच्या वतीने बोलणारी संघटना तीच, आणि तिच्या नोटिशीशिवायचा संप बेकायदा. एखाद्या मालकाला सामंतांशी करार करावासा वाटला तरी त्या कराराला आधार राहत नव्हता. हीच संधीरचना, अगदी हाताला लागणारी. ‘बंद व्यवस्था’ असं मोघम लिहू नका, हे कलम दाखवा.

आता कामगार सामंतांकडे का गेले? हा प्रश्न वर्गात नेहमी येतो, आणि उत्तर सिद्धांताची एक उणीव दाखवतं. १९८१ च्या दिवाळीच्या बोनसवरून चिडलेले कामगार त्यांच्या घाटकोपरच्या घरी जाऊन बसले. त्यांनी अभियांत्रिकी आणि रसायन कारखान्यांत मोठाल्या पगारवाढी मिळवून दिलेल्या होत्या, आणि त्या शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या पाकिटात दिसत होत्या. ‘डॉक्टर आले की पगार वाढतो’ हा कामगारांचा अंदाज हवेतला नव्हता. पण तिथे कायदा वेगळा होता, कारखाने नफ्यात होते, आणि एकेका मालकाला गाठून करार करता येत होता. गिरणीत यातलं एकही खरं नव्हतं. कामगारांना संधी *दिसली*, ती दुसऱ्याच रचनेतली होती. संधी असणं आणि संधी आहे असं वाटणं यात फरक करायला हवा. चळवळी उठतात त्या वाटण्यावर, जिंकतात किंवा हरतात त्या असण्यावर.

सरकारची अस्थिरता हे आणखी एक फसवं लक्षण. संप सुरू झाला त्याच महिन्यात बॅरिस्टर अंतुले पायउतार झाले आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. वर्षभराने त्यांच्या जागी वसंतदादा पाटील आले. यादी घेऊन बसलेला विद्यार्थी लगेच लिहितो, ‘सत्ताधाऱ्यांत अस्थिरता, म्हणून संधी’. उलट आहे. मुख्यमंत्री दिल्लीहून नेमले जात होते, त्यामुळे मुंबईतली खुर्ची हलली तरी निर्णयाची जागा हलली नाही. दिल्लीत इंदिरा गांधींकडे १९८० चं भक्कम बहुमत होतं, आणि सामंतांना एकदा मान्यता दिली की लोण बंदर, गोदी, सरकारी उद्योगांकडे जाईल ही धास्ती होती. शिवाय १९७४ च्या राष्ट्रीयीकरणापासून मुंबईतल्या काही गिरण्या सरकारच्याच होत्या, म्हणजे पंच म्हणून ज्याच्याकडे जायचं तो स्वतः मालक. अस्थिरता दिसली की पहिला प्रश्न हा: हलतंय ते मागणी मंजूर करू शकणाऱ्याच्या पायाखालचं आहे का?

दार एकदा उघडलं होतं असं म्हणता येईल. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईच्या पोलीस शिपायांनी बंड केलं. त्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांना पहाटे पकडलं आणि शहर पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर आले. दडपशाहीचं हत्यारच काही तास सरकारच्या हातून निसटलं. सैन्य बोलावलं गेलं आणि विषय संपला. अशी फट चळवळीच्या कामाची असते का? माझ्या मते क्वचित. १९५७ च्या मतपेटीने सत्ताधाऱ्याला तडजोडीत फायदा दाखवला, ऑगस्टच्या दंगलीने धोका दाखवला. घाबरलेलं सरकार दार उघडत नाही, कडी लावतं.

आणि पुन्हा कॅलेंडर. जानेवारी १९८२ पासून पुढची लोकसभा जवळपास तीन वर्षं दूर, विधानसभा त्याहून लांब. संपकऱ्यांकडे मतं होती, याचा पुरावाही आहे. डिसेंबर १९८४ मध्ये, राजीव गांधींच्या लाटेत, सामंत मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. पण तोवर संप विरला होता, ऑक्टोबर १९८३ मध्ये १३ गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारने हाती घेतलं होतं, आणि ज्या गिरण्या चालू होत्या त्या कमी माणसांत चालत होत्या. शिवाय प्रश्न मोजक्या मतदारसंघांचा होता. १९५७ चा प्रश्न कुलाब्यापासून कोल्हापूरपर्यंतचा होता.

आता तुमचा मुख्य आक्षेप. निकालानंतरचं शहाणपण टाळायचं कसं? मी दोन गोष्टी करायला लावते. पहिली, निकाल झाकून नोंद करायची. त्या काळचं दैनिक घ्या, महिन्याचं एक पान करा, आणि त्या महिन्याअखेर सामान्य वाचकाला जे कळू शकलं असतं तेवढंच लिहा. मागणी मान्य करायचा अधिकार कुणाकडे, त्याच्यावर पुढची जोखीम कधी येणार, त्याच्या गोटातून कुणी फुटलं का, थांबण्याचा खर्च कुणाला जास्त. १९८२ ची पानं अशी लिहिली तर ऑगस्टच्या बंडाच्या आधीच कल दिसतो. सहा महिने उलटले तरी सत्ताधारी पक्षातला वजनदार माणूस फुटलेला नाही, मालकांची फळी मोडलेली नाही, कायद्यात बदल नाही. फक्त संपकऱ्यांचा खर्च वाढतोय. १९५६ ची पहिली सहा पानं याच्या अगदी उलट दिसतात, आणि तेव्हा जिंकणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट, सिद्धांत जिथे अडखळेल असं उदाहरण मुद्दाम शेजारी ठेवायचं. मी विदर्भ ठेवते. त्याच आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखी मातब्बर माणसं त्या बाजूची होती. १९५५ मध्ये दार कुणासाठी उघडं होतं, तर विदर्भवाद्यांसाठी, संयुक्त महाराष्ट्रवाल्यांसाठी नव्हे. तरी राज्य झालं नाही. कारण त्या मागणीपाठी चाळ नव्हती, पक्षांची फळी नव्हती, रोजची शाहिरी नव्हती. शिवाय १९५३ च्या नागपूर करारात विदर्भातल्याच काही काँग्रेस नेत्यांनी एकत्र मराठी राज्याला सही दिलेली होती. उघडं दार आणि आत जायला माणूस नाही, अशी ही अवस्था. तुमच्या निबंधात ही तिसरी बाजू असेल तर परीक्षक ‘हे तर सगळ्यालाच लागू पडतं’ असं म्हणू शकणार नाही.

एक इशारा देते. ‘संधी’ हा शब्द स्पंजासारखा आहे, त्यात काहीही मुरतं. पीक बुडालं, नेता वारला, टीव्ही आला, सगळी ‘संधी’ होते. तसं झालं की शब्दाचा उपयोग संपतो. मी मर्यादा घालून घेते: सत्तेच्या रचनेतली, चळवळीच्या हाताबाहेरची, आणि तारीख सांगता येईल अशीच गोष्ट संधी म्हणून लिहायची. शाहिरी संधी नाही, ती साधन. १९५७ ची निवडणूक संधी. ‘मराठा’ साधन. बी.आय.आर. कायदा रचना. गोळीबारात गेलेल्या माणसांची स्मृती मात्र या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. तिचा अर्थ लोकांनी काय लावला यावर सगळं अवलंबून होतं, आणि त्यासाठी अर्थाच्या चौकटींचा तिसरा सिद्धांत उघडावा लागतो. तुमच्या पेपरात तो नसेल तर नसू दे, पण हुतात्म्यांना ओढूनताणून साधनांच्या यादीत घालू नका.

प्रबंधाला सामग्री हवी असेल तर १९५७ चे मतदारसंघनिहाय निकाल आणि बी.आय.आर. कायद्याचा मूळ मजकूर आधी मिळवा. गिरणगावातले जुने कामगार अजून बोलतात. त्यांना ‘संप का हरला’ असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ आहे. ‘बावीस-तेवीसशे लोकांच्या गिरणीत तुमच्या खात्यातले किती जण गावी गेले, आणि कधी परत आले’ असं विचारा.